पाळणाघरातलं मूल, पोटातलं बाळ आणि उष्टा चमचा

दीड वर्षाचं मूल संध्याकाळी पाळणाघरातून घरी येतं. आई त्याला वरणभात भरवते, गरम आहे का ते त्याच्याच चमच्याने चाखून बघते आणि ताटलीत उरलेले चार घास खाऊन टाकते. ती दोन महिन्यांची गरोदर असेल, तर सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे सीएमव्ही हा विषाणू तिच्यापर्यंत पोचण्याची ही अगदी सोपी वाट आहे.

पाळणाघरात खेळणी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. लागण झालेलं मूल बहुधा आजारी दिसतच नाही, पण त्याच्या लाळेतून आणि लघवीतून विषाणू कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ बाहेर पडत राहतो. त्यामुळे ताप-सर्दी नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

गरोदरपणात आईला पहिल्यांदाच लागण झाली, तर सुमारे 30 ते 40 टक्के वेळा ती बाळापर्यंत जाते. पहिल्या तीन महिन्यांत तसं झालं तर बाळाच्या श्रवणशक्तीला आणि मेंदूला इजा होण्याची भीती सर्वांत जास्त. भारतातल्या बहुतेक स्त्रियांना ही लागण लहानपणीच होऊन गेलेली असते. त्यांच्याकडून बाळाला ती होण्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास, म्हणजे बरंच कमी असतं. तरी ते शून्य नाही, कारण जुना विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो किंवा वेगळ्या वाणाचा नवा शिरू शकतो. म्हणून लागण आधी होऊन गेलेली असो वा नसो, घरातली काळजी दोघींनाही सारखीच.

सगळ्यात आधी उष्टं बंद. मुलाचा चमचा, पेला, टूथब्रश वेगळा. खाली पडलेली चोखणी आईने तोंडात घालून ‘स्वच्छ’ करायची नाही. पापी घ्यायची ती कपाळाची किंवा केसांची, ओठांची नाही. मांडीवर घेणं, कुशीत झोपवणं खुशाल चालू ठेवा.

डायपर बदलल्यावर हात धुतले जातातच. राहून जातं ते नाक पुसल्यावर, लाळ टिपल्यावर, भरवून झाल्यावर. तेव्हाही साबण लावून 20 सेकंद हात चोळायचे. या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं आणि साबणाने ते फुटतं. नुसतं पाणी किंवा ओले वाइप्स तेवढे भरवशाचे नाहीत. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लास्टिकवर 3 तास, कापडावर आणि रबरावर 6 तासांपर्यंत जिवंत सापडला आहे. म्हणून पाळणाघरातून आलेलं ओलं लाळेरं आल्याआल्या धुवायला टाका, आणि ओढणीने मुलाचं तोंड पुसून तीच खांद्यावर ठेवू नका. तोंडात घातलेली खेळणी साबणाच्या पाण्याने धुतली की पुरे.

रक्ताची तपासणी केलीच, तर आयजीएम हे नव्या लागणीची खूण मानलं जाणारं प्रतिपिंड ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून घाबरून कोणताही निर्णय घेऊ नका. ते जुन्या लागणीनंतरही महिनोन्‌महिने तसं राहू शकतं. डॉक्टरांना आयजीजी अ‍ॅव्हिडिटी तपासणीबद्दल विचारा; आयजीजी ही प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट चिकटतात ते तिच्यातून कळतं. अ‍ॅव्हिडिटी जास्त असेल तर लागण बहुधा तीन महिन्यांहून जुनी असते. आणि जन्मानंतर बाळ श्रवणचाचणीत नापास झालं, तर त्याच्या लघवीची किंवा लाळेची सीएमव्हीसाठी पीसीआर तपासणी 21 दिवसांच्या आत करून घ्या. त्यानंतर लागण पोटातच झाली की जन्मल्यावर, हे खात्रीने सांगता येत नाही.