हे वाक्य मुळात कोणाचं?

गेल्या आठवड्यात एका कथेचा अनुवाद तपासताना एका वाक्यावर अडखळलो: ‘तू काही मित्र आहेस.’ प्रसंग असा की एका मित्राने दुसऱ्याला ऐन वेळी तोंडघशी पाडलंय. मूळ इंग्रजी वाक्य होतं ‘सम फ्रेंड यू आर!’ आपल्याकडे या जागी कोणीही म्हणेल, ‘मोठा मित्र लागून गेलास!’ अनुवादकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘उपरोध म्हणजे उलट बोलणं हे माहीत आहे, पण इथे उलटं करायला काही सापडेना.’

त्याचं चुकलं नव्हतं, त्याला शिकवलेली व्याख्या अपुरी होती. शाळेपासून आपण हेच ऐकतो की बोलणाऱ्याच्या मनात असतं त्याच्या उलट तो बोलतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांतही उपरोधाचं स्पष्टीकरण साधारण याच वाटेने जातं. वक्ता उघड उघड खोटं बोलतो आणि ऐकणारा त्यावरून उलट अर्थाकडे पोचतो.

पण पंगतीत आमटी खारट झाली आहे आणि शेजारचा वाढप्याला म्हणतो, ‘अजून थोडं मीठ वाढता का?’ ही विनंती आहे. ती खरीही नाही आणि खोटीही नाही. ती उलटी केली तर ‘मीठ वाढू नका’ असं होईल, आणि त्याला ते मुळीच म्हणायचं नाही. किंवा ‘आमच्याकडे वेळेला फार किंमत असते’ असं सतत सांगणारे गृहस्थ तासभर उशिरा येतात आणि कोणीतरी पुटपुटतं, ‘यांच्याकडे वेळेला फार किंमत असते हं.’ यातही उलट अर्थाने सगळं सांगून होत नाही. टोचतं ते एवढ्यासाठी की हे त्यांचंच वाक्य आहे.

डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी 1981 साली नेमकं हेच मांडलं, आणि या क्षेत्रातली ही माझी सर्वांत आवडती कल्पना आहे. उपरोध करणारा माणूस ते वाक्य स्वतःचं म्हणून बोलतच नाही. तो दुसऱ्याच्या वाक्याचा प्रतिध्वनी काढतो आणि त्यापासून अंग काढून घेतो. कधी ते वाक्य खरंच कोणीतरी उच्चारलेलं असतं, कधी ती नुसती अपेक्षा असते. मित्राने मदत करावी ही सगळ्यांची अपेक्षा, आणि ‘मोठा मित्र’ हा तिचा प्रतिध्वनी. म्हणून अनुवादकाने ‘याच्या उलट काय’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी ‘हे वाक्य मुळात कोणाचं’ असं विचारावं.

मराठीला तर यासाठी एक हक्काचा शब्द आहे: ‘म्हणे’. ‘नवा रस्ता पावसाळ्यात टिकणार म्हणे.’ मे महिन्यात हे वाक्य म्हणजे नुसती बातमी. ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावरच्या गुडघाभर खड्ड्यात चाक अडकल्यावर तेच वाक्य, एक अक्षर न बदलता, उपरोध होतं. ‘म्हणे’ दोन्ही वेळा एकच काम करतो: वाक्य माझं नाही, दुसऱ्याचं आहे, एवढं सांगतो. फरक पडला तो परिस्थितीमुळे. इंग्रजीत नेताना मेमधल्या वाक्याला ‘अपॅरंटली’ पुरेल. ऑगस्टमधल्या वाक्यात मात्र कोणीतरी वचन दिलं होतं हे कानावर पडायला हवं, म्हणून ‘सो दे टोल्ड अस’ यासारखी जोड लागते. नाहीतर खड्डे पडल्यावरही बोलणारा अजून आशेवर आहे असं वाटेल.

हा धागा आपल्याकडे जुना आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात, ज्याने अपकार केला त्यालाच उद्देशून एक श्लोक येतो: आपण फार उपकार केलेत, काय सांगावं, असंच करत राहा आणि शंभर वर्षं सुखात जगा. सरळ अर्थ परिस्थितीवर आपटून अडतो. या अडण्याला काव्यशास्त्रात मुख्यार्थबाध म्हणतात. संशय कधी घ्यायचा ते मुख्यार्थबाधाने कळतं, आणि संशय आल्यावर काय शोधायचं ते प्रतिध्वनीच्या कल्पनेने.

तिच्यामुळे आणखी एक कोडं सुटतं. भर पावसात ‘काय सुंदर हवा आहे!’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. लख्ख ऊन पडलेलं असताना ‘काय भयंकर हवा आहे!’ म्हटलं तर लोक बघत राहतात. व्याख्या नुसती ‘उलट’ अशी असती तर दोन्ही सारखीच कळायला हवी होती. पण हवा चांगली असावी ही अपेक्षा कायमच हजर असते, तिचा प्रतिध्वनी केव्हाही काढता येतो. वाईट हवेचं वाक्य त्याआधी कोणीतरी बोललेलं असावं लागतं, म्हणजे ‘सहल रद्द करा, वादळ येणार’ असं कोणीतरी सकाळी म्हटलेलं हवं. त्यामुळे निंदेच्या शब्दांत स्तुती दिसली तर अनुवादकाने चार पानं मागे जाऊन ते आधीचं वाक्य शोधावं आणि अनुवादात त्याचे शब्द दोन्हीकडे तेच ठेवावेत. एकीकडे ‘वादळ’ आणि दुसरीकडे ‘तुफान’ केलं तर प्रतिध्वनी विरतो.

आवाजावरून कळेल म्हणावं, तर कागदावर आवाज नसतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या क्रुगर, एप्ली आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवली होती. समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा बरोबर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून 73 टक्के कळलं, ईमेलमधून फक्त 56. नाणं उडवलं असतं तरी 50 आलं असतं.

न्यूनोक्तीची, म्हणजे मुद्दाम कमी करून बोलण्याची गोष्ट वेगळी. तिथे दुसऱ्याचं वाक्य नसतं, फक्त मोजपट्टी वेगळी असते. कोरियन युद्धात, एप्रिल 1951 मध्ये, इम्जिन नदीकाठी ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर पलटण चिनी सैन्याने घेरली. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जरा अवघड, असल्याचं कळवलं, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मोजपट्टीवर याचा अर्थ फार गंभीर. अमेरिकन कानांनी ऐकलं: अवघड आहे, पण निभावतंय. 25 तारखेला साडेसहाशेच्या आसपासच्या पलटणीतले जेमतेम चाळीसेक जण निसटून आपल्या फळीपर्यंत पोचले, बहुतेक सगळे कैद झाले. पराभवाची कारणं इतरही होती, सगळा दोष एका वाक्याला देता येणार नाही. पण भाषा एकच असूनही इथे अनुवाद हवा होता.

न्यूनोक्ती ओळखायची खूण अशी: शब्दाचं माप आणि त्याला जोडून येणाऱ्या कृतीचं माप जुळत नाही. गावाहून काकांचा फोन येतो, ‘आजोबांना जरा बरं नाही. जमलं तर येऊन जा.’ ‘जरा’साठी कोणी सहाशे किलोमीटरवरून बोलावत नाही. मराठी घरात हे ऐकल्यावर कोणी पुढे काही विचारत नाही, बॅग भरतात. पण हेच वाक्य न्यू जर्सीत वाढलेल्या नातवाला शब्दशः इंग्रजीत कळवलं, तर तो पुढच्या सुट्टीचं तिकीट बघेल. त्याच्यासाठी ‘जरा’ गाळावं लागतं, ‘जमलं तर’ गाळावं लागतं, आणि सरळ लिहावं लागतं: आजोबा खूप आजारी आहेत, आज निघ.