तळव्यांची खाज आणि पित्ताम्लांची तपासणी

‘गरोदरपणात कातडी ताणली की खाज सुटतेच, खोबरेल तेल लावा.’

पोटावरच्या खाजेपुरते हे बहुधा खरे असते. परंतु पुरळ नसताना तळहात आणि तळपायांना रात्री झोपमोड करणारी खाज सुटत असेल, अंगावर केवळ नखांचे ओरखडे दिसत असतील, तर यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावून पित्ताम्ले रक्तात साठत असण्याची शक्यता असते. त्यासाठी रक्तातील पित्ताम्ले मोजावीत. पहिला अहवाल सामान्य आला तरी खाज टिकल्यास तपासणी पुन्हा करावीच, कारण कधीकधी खाज आधी येते.

समजा, चौतिसाव्या आठवड्यात प्रमाण लिटरमागे 28 मायक्रोमोल आले आणि आठवड्याने 112 झाले. 100 च्या पुढे बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रसूतीचा सल्ला देतात. 28 वरच राहिले असते, तर बरेच थांबता आले असते.