पालक बेशुद्ध असताना विम्याचा दावा : सही कोणाची आणि रक्कम कोणाच्या खात्यात

रुग्ण बेशुद्ध असताना दाव्याच्या अर्जावर सही कोणी करायची, हे पॉलिसी कोणाच्या नावावर आहे यावर ठरते. मुलाने स्वतः प्रस्तावक होऊन पॉलिसीत आईवडिलांना घेतले असेल, तर सही त्याचीच चालते आणि रक्कमही त्याच्याच खात्यात येते. अडचण होते ती वडील स्वतः पॉलिसीधारक असतात तेव्हा.

समजा, कोथरूडला राहणाऱ्या ७१ वर्षांच्या वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला, जवळचे रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नव्हते आणि मुलाने ४,८०,००० रुपयांचे बिल स्वतः भरले. वडील अजून शुद्धीवर नाहीत. अशा वेळी मुलाने अर्जावर स्वतःची सही करून तिच्याखाली नाव, नाते आणि ‘रुग्ण बेशुद्ध असल्याने’ असे लिहावे. सोबत रुग्ण कधीपासून बेशुद्ध आहे व तो सही करू शकत नाही, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आणि नात्याचा पुरावा जोडावा. रुग्णालयातील कागदपत्रे तपासण्याची संमतीही कंपनी मुलाकडून लेखी मागू शकते. बेशुद्ध माणसाच्या अंगठ्याचा ठसा मात्र कृपया घेऊ नका. ती त्याची संमती ठरत नाही आणि त्यामुळे सरळ दाव्यावरही संशय येतो.

खरा पेच रकमेचा असतो. रक्कम वडिलांच्याच खात्यात जमा करा, असे कळवले तर कागदपत्रे सहसा एवढ्यावर भागतात. ते खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने आई किंवा मुलासह संयुक्त असेल, तर पैसे काढताही येतात. बिल मी भरले म्हणून रक्कम माझ्या खात्यात द्या, असे म्हटल्यास कंपनी आई व भावंडांचे ना-हरकत पत्र, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र किंवा थेट न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश मागू शकते. कोमातील व्यक्तीसाठी असा आदेश मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करून मिळवता येतो, पण त्यासाठी वैद्यकीय तपासणी व चौकशी होते. म्हणून केवळ एका बिलासाठी ती वाट धरण्याआधी खात्याचा मार्ग तपासावा, असे आमचे मत आहे.

‘मी नॉमिनी आहे’ हे येथे उपयोगी पडत नाही, कारण नामांकनाचा अधिकार मृत्यूनंतरच सुरू होतो. मुखत्यारपत्रही बेशुद्ध व्यक्ती करून देऊ शकत नाही आणि पूर्वी केलेल्या साध्या मुखत्यारपत्रावरही कंपनी आक्षेप घेऊ शकते.

रुग्णालय यादीतील असेल तर कॅशलेसच घ्यावे. पूर्वपरवानगीच्या अर्जावर नातेवाइकाची सही चालते आणि रक्कम थेट रुग्णालयाला जाते.

कंपनीने कागद मागितल्यास तो कोणत्या अटीनुसार हवा, हे ईमेलवर लेखी विचारावे. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयात विनाशुल्क दाद मागता येते.