लाल की हिरवा? दोन शंकूपेशींमधली तुलना

टोमॅटो लाल आणि त्याचं पान हिरवं, हे सांगायला तुम्हाला क्षणही लागत नाही. पण तुमच्या डोळ्यातली कुठलीही एकच पेशी बाजूला काढली, तर तिला यातलं काहीही सांगता येणार नाही. आजच्या तासाला हेच बघायचं आहे: एकट्या पेशीला न जमणारं काम दोन पेशी मिळून कसं करतात, आणि त्यातली एक नसली तर काय होतं.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पातळ पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्यात दंडपेशी आणि शंकूपेशी असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात. त्या अंधुक उजेडात कामाला येतात आणि रंगाच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. शंकूपेशी सुमारे ६० लाख. दिवसाउजेडी आपण जे बघतो ते यांच्या जोरावर. त्यांचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त टिपतो, दुसरा ५३०च्या आसपासचा आणि तिसरा ५६०च्या आसपासचा. आपण त्यांना आखूड, मध्यम आणि लांब म्हणू. निळी, हिरवी, लाल अशी नावं बऱ्याच ठिकाणी दिसतात, पण ती मनातून काढून टाका, कारण ५६० नॅनोमीटरचा प्रकाश लाल नसतो, तो पिवळसर पोपटी दिसतो. लाल-हिरव्याच्या कामात आखूड पेशींचा वाटा जवळजवळ नाही. आपलं लक्ष राहिलेल्या दोघींवर.

शंकूपेशीत ऑप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या पोटात रेटिनाल हा छोटा रेणू बसलेला असतो. रेटिनाल अ जीवनसत्त्वापासून तयार होतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, या रेणूने शोषला की वाकलेला रेटिनाल सरळ होतो, त्याने प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीतला विद्युत संदेश बदलतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फोटॉन कुठल्याही तरंगलांबीचा असो, शोषला गेला की परिणाम अगदी तोच होतो. तरंगलांबीमुळे बदलते ती फक्त शोषला जाण्याची शक्यता. त्यामुळे पेशी पुढे एवढंच कळवते की 'मला इतके फोटॉन मिळाले'. ते कसले होते, याची नोंद तिच्याकडे राहत नाही.

आता आकडे घालून बघू. लांब आणि मध्यम पेशींचा सर्वाधिक प्रतिसाद १०० धरू. खालचे आकडे ढोबळ आहेत, पण खऱ्या मोजमापांच्या जवळचे. ६२० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला तर लांब पेशी साधारण ५५ म्हणते आणि मध्यम पेशी १५. तेवढ्याच ऊर्जेचा ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकला तर लांब पेशी ९५ म्हणते आणि मध्यम पेशी १००.

समजा, तुमच्याकडे फक्त लांब पेशी आहे. लाल दिवा लावला, ५५ आले. हिरवा लावला, ९५ आले. वाटेल की जमलं की! पण मी हिरवा दिवा मंद करून ५८ टक्क्यांवर आणला, तर ९५चे ५८ टक्के म्हणजे पुन्हा ५५. आता दोन्ही दिवे या पेशीला तंतोतंत सारखे. समोर तेजस्वी लाल आहे की मंद हिरवा, हे ओळखायचा तिच्याकडे काहीही मार्ग नाही. मध्यम पेशीला विचारलं की उत्तर लगेच मिळतं: लाल दिव्याला ती १५ म्हणते, मंद हिरव्याला ५८. म्हणजे लालसाठी जोडी ५५ आणि १५, हिरव्यासाठी ५५ आणि ५८. दिवा कमीजास्त केला तर दोन्ही आकडे एकाच प्रमाणात कमीजास्त होतात, त्यांचं गुणोत्तर बदलत नाही. लालसाठी ते पावणेचारच्या आसपास, हिरव्यासाठी एकच्या जरा खाली. रंग ओळखला जातो तो या गुणोत्तरावरून.

याच हिशेबातून एक मजेदार गोष्ट निघते. ५८० नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश लांब पेशीला ९६ आणि मध्यम पेशीला ६७ असा दिसतो. आता आपला लाल दिवा ८० टक्क्यांवर आणि हिरवा ५५ टक्क्यांवर ठेवून दोन्हींचा प्रकाश एकाच जागी पाडा. लांब पेशीला लालातून ४४ आणि हिरव्यातून ५२, एकूण ९६. मध्यम पेशीला १२ आणि ५५, एकूण ६७. जोडी तीच आली! म्हणजे पिवळा प्रकाश अजिबात नसताना डोळ्याला पिवळाच दिसणार, आणि कितीही निरखून बघितलं तरी फरक कळणार नाही. मोबाइलचा पडदा याच सवलतीवर चालतो. घरी करून बघा: पडद्यावर भडक पिवळं चित्र उघडा, त्यावर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा आणि थेंबातून बघा. थेंब भिंगासारखं काम करतो. आत लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही.

तुलना होते कुठे? थेट मेंदूत नाही, दृष्टिपटलातच तिची सुरुवात होते. शंकूपेशींचे संदेश मधल्या पेशींमार्फत गँग्लिऑन पेशींपर्यंत जातात, आणि या पेशींचे लांब तंतू मिळून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता बनते. काही गँग्लिऑन पेशी अशा जोडलेल्या असतात की लांब शंकूपेशीचा संदेश त्यांना चेतवतो आणि मध्यम शंकूपेशीचा त्यांना दाबतो. काहींची जोडणी उलटी असते. म्हणजे पुढे जातो तो फरक. एकाच तराजूची ही दोन पारडी असल्यामुळे निळसर हिरवा किंवा तांबूस पिवळा रंग आपल्याला दिसतो, पण 'तांबूस हिरवा' कधी दिसत नाही.

ही वजाबाकी सर्वांत स्वच्छ होते ती दृष्टिपटलाच्या मधोमध, जिथे आपण रोखून बघतो त्या जागी. तिथे एका गँग्लिऑन पेशीला मुख्य संदेश एकाच शंकूपेशीकडून मिळतो. कडेला गेलं की एकेका गँग्लिऑन पेशीत अनेक शंकूपेशींचे संदेश मिसळतात, लांब आणि मध्यम एकत्र होतात, आणि फरक पुसट होतो. तपासून बघा. समोरच्या फळ्यावरच्या एका ठिपक्याकडे नजर खिळवा. शेजाऱ्याला लाल किंवा हिरवं स्केचपेन तुमच्या कानाच्या रेषेपासून हळूहळू पुढे आणायला सांगा. काहीतरी हलतंय हे आधी कळेल, रंग बराच नंतर. नजर ठिपक्यावरून हलली तर प्रयोग फुकट, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

आता बिघाडाकडे येऊ. लांब आणि मध्यम पेशींची ऑप्सिनं जवळजवळ जुळी आहेत. ३६४ अमिनो आम्लांच्या साखळीत जेमतेम १५ जागी फरक, आणि त्यातल्याही दोन-तीन जागांवर सगळी मदार. दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर एकमेकांना लागून बसलेली आहेत. आईच्या शरीरात बीजांड तयार होताना दोन एक्स गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात. शेजारशेजारची जनुकं इतकी सारखी असली की जुळणी एक घर सरकते. मग एका गुणसूत्रातून एक जनुक गळतं, दुसऱ्यात जास्तीचं येतं, किंवा अर्धं याचं आणि अर्धं त्याचं असं संकरित जनुक तयार होतं. जनुक गळालं तर दोनपैकी एक प्रकारची पेशी नाही. संकरित झालं तर पेशी आहे, पण तिचं शिखर दुसरीच्या जवळ सरकलेलं, म्हणून फरक असतो पण फार थोडा. हा दुसरा, सौम्य प्रकारच जास्त आढळतो.

मुलाला एक्स गुणसूत्र एकच, आणि ते आईकडून. त्यात बिघाड असला तर भरपाई करायला दुसरं नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्याचा काही ना काही त्रास असतो, स्त्रियांत साधारण अर्धा टक्का. आईच्या दोनपैकी एका गुणसूत्रात दोष असेल तर तिला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही, पण प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे आईच्या वडिलांकडून नातवाकडे, अशी मधली पिढी गाळून ही गोष्ट येताना दिसते.

रसायनशास्त्रात अणुसिद्धांतामुळे तुम्हाला माहीत असलेले जॉन डाल्टन असेच होते. १७९४ साली त्यांनी मँचेस्टरमध्ये स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. लाखेची लाल कांडी आणि लॉरेलचं हिरवं पान त्यांना एकाच रंगाचं दिसे. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश गिळत असावा, असा त्यांचा तर्क होता. १८४४ साली ते वारल्यावर डॉक्टरांनी डोळा उघडून पाहिला, तर द्रव निवळशंख. डोळ्याचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५ साली त्यातून डीएनए काढून तपासला, तेव्हा मध्यम पेशीचं जनुकच नसल्याचं निघालं. आपल्या आकड्यांत सांगायचं तर त्यांच्याकडे जोडीतला फक्त पहिला आकडा होता: लालाचे ५५ आणि मंद हिरव्याचेही ५५.

ओळखायची सर्वांत खात्रीची पद्धत आपल्या पिवळ्याच्या हिशेबावरच उभी आहे. अॅनोमॅलोस्कोप नावाच्या उपकरणात वर्तुळाच्या एका अर्ध्या भागात शुद्ध पिवळा प्रकाश असतो, दुसऱ्या अर्ध्या भागात लाल आणि हिरव्याचं मिश्रण. दोन्ही अर्धी सारखी दिसेपर्यंत मिश्रण बदलायचं. सामान्य दृष्टीची माणसं अगदी अरुंद पट्ट्यात थांबतात. ज्याची मध्यम पेशी सरकलेली आहे तो जास्त हिरवा घालतो, ज्याची लांब पेशी सरकलेली आहे तो जास्त लाल. एक प्रकारची पेशी अजिबात नसेल, तर निव्वळ लालही पिवळ्याशी जुळतो आणि निव्वळ हिरवाही, फक्त पिवळ्याची तीव्रता कमीजास्त करावी लागते. नेमकी कोणती पेशी नाही हेही इथेच कळतं: लांब पेशी नसलेल्या माणसाला लाल प्रकाश फार मंद दिसतो, आपल्या आकड्यांत ५५ऐवजी १५. म्हणून तो लालाशी जुळवताना पिवळा जवळजवळ विझवतो.

ठिपक्यांतले आकडे वाचायच्या तक्त्या तुम्ही पाहिल्या असतील. शिनोबू इशिहारा यांनी त्या जपानमध्ये १९१७ साली प्रसिद्ध केल्या. त्यातले ठिपके मुद्दाम लहानमोठे आणि फिकेगडद केलेले असतात, नाहीतर उजळपणावरूनच आकडा वाचता आला असता. तक्ती ७५ सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात, नजरेसमोर काटकोनात धरायची आणि तीन सेकंदांत उत्तर घ्यायचं. इथेच घोटाळे होतात. पिवळ्या बल्बखाली ठिपक्यांवरून येणाऱ्या प्रकाशाचं मिश्रणच बदलतं आणि सौम्य दोष निसटू शकतो. मोबाइलवर तर छपाईचे रंग तीन दिव्यांनी नव्याने घडवलेले असतात, त्यामुळे तिथला निकाल शंका घेण्यापुरता धरावा, प्रमाणपत्रापुरता नाही.

रंगीत चष्म्यांबद्दल तुम्ही विचारणारच. काही भिंगं लांब आणि मध्यम पेशींच्या सामायिक पट्ट्यातला थोडा प्रकाश अडवतात. सरकलेली का होईना पण दुसरी पेशी असेल, तर त्याने उरलेला फरक थोडा ठळक होऊ शकतो. पेशीच नसेल, तर चष्मा ती आणून देत नाही. तो फक्त काही वस्तू उजळ आणि काही गडद करतो. साध्या लाल जिलेटिन कागदातूनही हे होतं: टोमॅटो उजळतो आणि पान काळवंडतं. डाल्टनसारख्या डोळ्यालाही मग दोन्ही वेगळे काढता येतात, पण उजळपणावरून, रंगावरून नाही.