एकच फ्रेम किती सांगते? झॅप्रुडर फिल्मची पार्श्वभूमी

कोणीतरी व्हिडिओ मध्येच पॉज करतं, त्याचा स्क्रीनशॉट काढतं आणि तेवढाच ग्रुपवर टाकतं, सोबत लिहितं "बघा कसा हात उगारलाय". हात वर आहे हे खरंय, पण तो वर चाललाय की खाली येतोय, मारायला उठलाय की केसांवरून फिरतोय, हे त्या चित्रात नाहीच. हा प्रश्न मोबाईलच्या आधीचा आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची फिल्म.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अब्राहम झॅप्रुडर नावाचा कपड्यांचा व्यावसायिक ८ एमएमचा घरगुती कॅमेरा घेऊन रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कट्ट्यावर उभा होता. त्याने जे टिपलं ते जेमतेम २६ सेकंदांचं, एकूण ४८६ फ्रेम, आवाज अजिबात नाही. नंतर एफबीआयने तो कॅमेरा तपासला तर वेग निघाला सेकंदाला सरासरी १८.३ फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये साधारण सेकंदाचा अठरावा भाग. लाईफ मासिकाने फिल्मचे हक्क विकत घेतले आणि लोकांना दिसली ती फिल्म नाही, तर त्यातली निवडक चित्रं, २९ नोव्हेंबरच्या अंकात, काळीपांढरी. डोक्याला गोळी लागते ती ३१३ नंबरची फ्रेम त्यात नव्हती, ती छापू नका असं झॅप्रुडरनेच सांगितलं होतं, आणि मला वाटतं माणूस म्हणून त्याचं बरोबरच होतं.

पण मग झालं काय, की बाकीचं सगळं ज्यांनी फिल्म पाहिली त्यांच्या शब्दावर ठेवायची वेळ आली. त्या दिवसांत लोक विचारत होते की गोळीबार मागच्या इमारतीतून झाला तर गळ्यावर पुढून जखम कशी? लाईफच्या ६ डिसेंबरच्या अंकात उत्तर छापून आलं की फिल्ममध्ये अध्यक्ष गर्दीतल्या कोणाला तरी हात करताना उजवीकडे पार मागे वळलेले दिसतात, त्यामुळे गळा त्या इमारतीकडे झाला. फिल्ममध्ये असं वळणं कुठेच नाही. पण वाचकाच्या हातात सुट्या फ्रेम, तो पडताळणार कसा? दोन फ्रेमच्या मध्ये काय झालं ते सांगणाऱ्याने जे सांगितलं तेच खरं धरलं गेलं.

याहून मोठा घोळ पुढच्या वर्षी झाला. हत्येच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या वॉरन कमिशनने पुराव्यांचे खंड काढले, त्यातल्या १८ व्या खंडात फिल्मच्या फ्रेम नंबरवार छापल्या, पण ३१४ आणि ३१५ ची अदलाबदल झाली. दोन्ही फ्रेम अस्सल, एकीतही काडीचा फरक केलेला नाही, फक्त क्रम उलटा! मूळ फिल्ममध्ये ३१३ नंतर डोकं मागे जाताना दिसतं, उलट्या क्रमाने बघितलं तर ते पुढे गेल्यासारखं वाटतं, आणि गोळी कुठून आली यावरच तर सगळा वाद होता. अभ्यास करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा १९६५ ला एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांनी ही छपाईची चूक असल्याचं मान्य केलं. एका फ्रेममध्ये दिशा नसते, दिशा दोन फ्रेमच्या क्रमात असते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग सुट्या फ्रेममधून काहीच कळत नाही का? कळतं ना. कोण कुठे बसलंय, हात कुठे आहेत, कोणती वस्तू कशाच्या पुढे आहे, हे सगळं कळतं. धूसरपणा असेल तर कॅमेरा किंवा माणूस हलत होता हेही कळतं, पण तिथेही जपून, कारण धूसर रेघ कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे ओढली गेली ते तिच्यावरून ठरत नाही. वेळ मात्र फ्रेम सलग असतील तरच मोजता येते. कमिशनने तेच केलं, रायफलमधून दोन गोळ्या झाडायला किमान २.३ सेकंद लागतात, म्हणजे फिल्मवर जवळपास ४२ फ्रेम, आणि या हिशोबावर कोणती गोळी कधी याचा विचार झाला. आजच्या स्क्रीनशॉटला तेवढाही आधार नाही, फाईलवरची वेळ असते ती स्क्रीनशॉट काढल्याची, प्रसंगाची नाही, आणि आवाज तर गेलेलाच असतो.

पूर्ण फिल्म अमेरिकेत टीव्हीवर सगळ्यांना दिसली ती थेट मार्च १९७५ ला, म्हणजे अकरा वर्षं लोक सुट्या चित्रांवरच वाद घालत होते. आणि पूर्ण फिल्म हातात असली तरी सगळं मिळत नाही, कारण साधारण २१० नंतर काही फ्रेम अध्यक्ष रस्त्यावरच्या एका मोठ्या पाटीमागे जातात आणि बाहेर येतात तेव्हा त्यांना लागल्याचं दिसतं. म्हणून कमिशनने पहिल्या जखमेसाठी एक नंबर दिलाच नाही, २१० ते २२५ च्या दरम्यान असं लिहिलं, सेकंदाच्या आतलाच काळ, पण तो पाटीमागचा.