चार वाजताचा आलूबोंडा

माझा भाचा नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे. दुपारी एकला डबा उघडतो, समोर लॅपटॉपवर मॅच नाहीतर एखादी मालिका सुरू असते, आणि दहा-बारा मिनिटांत डबा रिकामा होतो. डबा काही लहान नाही: तीन पोळ्या, भाजी, वरण, भात, वर ठेचा. तरी चार वाजले की स्वारी खाली उतरते आणि तर्रीत बुडवलेले दोन आलूबोंडे खाऊन वर येते. एका शनिवारी घरी आला तेव्हा मी सहज विचारलं, काल डब्यात कोणती भाजी होती रे?

"काहून विचारते व मावशी? होती ना पोळी-भाजी."

कोणती, ते काही केल्या आठवेना. बहिणीला फोन केला तेव्हा कळलं, भरली वांगी होती. भरली वांगी विसरणं हा नागपुरात तसा गुन्हाच, पण ते सोडा. मला वाटतं, न आठवलेली ती वांगी आणि चार वाजताची भूक यांचा जवळचा संबंध आहे.

भूक पोटात असते असं आपण धरून चालतो. 2012 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर एक गमतीदार प्रयोग केला. शंभर जणांना सूप प्यायला बसवलं. काहींच्या वाडग्यात 300 मिलिलिटर दिसत होतं, काहींच्या 500. पण वाडग्याच्या बुडाला टेबलाखालून नळी जोडलेली होती आणि पंपाने सूप हळूच आत सोडता किंवा बाहेर ओढता येत होतं. त्यामुळे काही जणांनी पाहिलं 300 आणि प्रत्यक्षात पोटात गेलं 500; काहींचं नेमकं उलट झालं. पिणाऱ्याला पत्ताही लागला नाही.

सूप संपल्यासंपल्या विचारलं तेव्हा पोटाने खरं उत्तर दिलं. ज्यांच्या पोटात जास्त गेलं होतं त्यांना भूक कमी होती. जठर ताणलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूला लगेच खबर जाते, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. खरी गंमत दोन-तीन तासांनी झाली. तेव्हा भुकेचा मेळ प्यायलेल्या सुपाशी बसेना, पाहिलेल्या सुपाशी बसला. ज्यांनी मोठा वाडगा पाहिला होता त्यांना भूक कमी लागली, मग पोटात खरोखर कितीही गेलेलं असो. तोवर सूप जठरातून बरंचसं पुढे सरकलेलं असतं. मागे उरते ती जेवणाची आठवण, आणि पुढची भूक ठरवताना मेंदू तीही धरतो.

ही आठवणच पुसली गेली तर काय होतं, हे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात दिसतं. मेंदूला इजा झाल्यामुळे नवीन काहीच लक्षात राहत नसे, अशा दोन रुग्णांना दुपारचं जेवण दिलं. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट पुढे ठेवलं, तर ते पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हाही बहुतेक वेळा त्यांनी सुरुवात केली. पोट भरलेलं होतं, पण आपण जेवलो याची नोंद कुठेच नव्हती.

भाच्याचा मेंदू धडधाकट आहे. पण जेवताना नजर पडद्यावर असली की नोंद फिकी पडते. ब्रिस्टलमध्येच 2011 साली 44 जणांना नऊ पदार्थांचं ठरावीक जेवण दिलं. निम्मे जेवता जेवता कॉम्प्युटरवर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते, बाकीचे नुसते जेवत होते. ताट दोघांचं सारखंच. अर्ध्या तासाने बिस्किटं चाखायच्या निमित्ताने पुढे ठेवली, तर खेळणाऱ्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्ली. नऊ पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले, हे सांगतानाही तेच जास्त गडबडले. म्हणजे पडद्याचं बिल बरेचदा त्या जेवणात येत नाही, पुढच्या खाण्यात येतं. टीव्हीसमोर माणूस तिथल्या तिथेही थोडं जास्त खातो, पण अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नंतरच्या खाण्यावरचा परिणाम अधिक मोठा दिसला. म्हणून तर आपला संशय पडद्यावर जात नाही. दोष सारा आलूबोंड्यावर!

भराभर खाण्याची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. 2008 साली अमेरिकेत तीस बायकांना पास्ता दोनदा दिला: एकदा मोठ्या चमच्याने, होईल तितक्या लवकर, एकदा लहान चमच्याने, घासागणिक चमचा खाली ठेवून, नीट चावून. पहिलं जेवण साधारण नऊ मिनिटांत आटोपलं आणि 646 कॅलरी पोटात गेल्या. दुसरं 29 मिनिटं चाललं आणि 579 गेल्या. फरक 67 कॅलरींचा, म्हणजे एका पोळीहूनही कमी. सावकाश जेवताना त्या पाणीही जास्त प्यायल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. पोट भरल्याची खबर देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढायला काही मिनिटं लागतात, भराभर जेवणारा त्याआधीच हात धुतो. "वीस मिनिटांनी मेंदूला कळतं" हा आकडा ठोकळ आहे, असं काही घड्याळ पोटात नसतं. शिवाय सावकाश जेवल्याचा फायदा बहुधा त्याच जेवणापुरता राहतो. वेगाचे प्रयोग एकत्र पाहिले तेव्हा नंतरच्या भुकेत ठळक फरक सापडला नाही.

आपल्याकडचा एक प्रकार या दृष्टीने बघण्यासारखा आहे: लग्नातली पंगत. पानात एकेक वाढत जातात, संपलं की पुन्हा वाढतात, आग्रह वेगळाच. एकूण किती खाल्लं हे डोळ्यांना एकत्र कधी दिसतच नाही, जवळजवळ त्या नळीच्या वाडग्यासारखं. घरचं ताट एकदाच वाढून घेतलं तर सगळं समोर दिसतं. हा माझा तर्क, पंगतीवरचा असा प्रयोग माझ्या वाचनात नाही.

मग लक्ष देऊन जेवलं की वजन उतरतं का? इथे हात आखडता घ्यावा लागतो. 2019 साली ब्रिटनमध्ये जास्त वजनाच्या शंभरेक लोकांना मोबाइलवर एक ॲप दिलं. जेवणाचा फोटो काढायचा, आणि पुढच्या खाण्याआधी तो बघून मागचं जेवण आठवायचं. आठ आठवड्यांनी त्यांचं वजन नुसता आहाराचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा वेगळं नव्हतं. प्रयोगशाळेत एका दुपारी दिसलेला परिणाम रोजच्या धबडग्यात टिकेलच असं नाही.

तरीही भाच्याला म्हटलं, एक आठवडा बघू. एक वाजता लॅपटॉप बंद. डब्याचे चारही पुडे उघडून समोर मांडायचे, मगच पहिला घास. आणि चार वाजता खाली उतरण्याआधी मला मेसेज: आज काय होतं, किती होतं. तीन दिवस एकच आलूबोंडा झाला. बुधवारी एकही नाही, पण त्या दिवशी पाऊस होता आणि गाडा लागलाच नव्हता. शुक्रवारी कोणाच्या तरी निरोपाचा केक होता, तिथे सगळं बारगळलं. एका माणसाच्या एका आठवड्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे त्यालाही सांगितलं. मेसेज मात्र बारकाईने यायचे: "मेथी, दोन पोळ्या, तिसरी अर्धी ठेवली, वरणात हिंग जास्त."

पुढच्या सोमवारी बहिणीचा फोन. "काय शिकवलंस व त्याला? रोज भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगते पोट्टा. दोन वर्षं तेवढंच टाकते मी!"