नोटिशीनंतर गेलेले आणि नोटिशीमुळे गेलेले

चालू सबस्क्रायबरांचा दर वाढवला की महिनाभरात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो: नोटीस गेल्यापासून इतक्या लोकांनी सबस्क्रिप्शन बंद केलं. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून दरवाढ फसली की जमली हे ठरवायला घेतलं की घोळ होतो. कारण नोटिशीनंतर गेलेले लोक वेगळे आणि नोटिशीमुळे गेलेले वेगळे. पहिल्यांची यादी सिस्टीममधून एका क्लिकवर निघते. दुसऱ्यांची यादी कुठेच नसते. त्यांची फक्त संख्या काढता येते, तीही आधीच तयारी केली असेल तर.

कुठल्याही सेवेत दर महिन्याला काही लोक जातातच. कुणाची गरज संपते, कुणी दुसरीकडे वळतं, कुणाचं कार्ड बाद होतं. नोटीस पाठवल्यामुळे ही नेहमीची गळती थांबत नाही. ती नव्या गळतीत मिसळून जाते आणि मग दोन्ही वेगळ्या ओळखू येत नाहीत. ‘का जाताय?’ हे विचारणाऱ्या फॉर्मवर भिस्त ठेवावी असं वाटतं, पण नोटीस ताजी असताना जो असाही जाणारच होता तोसुद्धा ‘दर जास्त वाटतो’ यावर टिचकी मारून मोकळा होतो. त्या उत्तरांवरून नाराजीचा सूर कळतो, संख्या कळत नाही.

एक हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. १०,००० सबस्क्रायबर आहेत, सगळे महिन्याच्या बिलावर, दर १००. तो १२० करायचा आहे. तीन वर्षांहून जुन्या २,००० लोकांना १०० वरच ठेवायचं ठरलं. उरले ८,०००. त्यातले ८०० चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे यादृच्छिक निवडले आणि त्यांची दरवाढ सहा महिने पुढे ढकलली. त्यांना नोटीसही पाठवली नाही. हा तुलनेचा गट. बाकीच्या ७,२०० जणांना नोटीस गेली: तीस दिवसांनंतर जे पहिलं बिल येईल ते नव्या दराने.

नव्वद दिवसांनी चित्र असं दिसतं. नोटीस गेलेल्या ७,२०० पैकी ८६४ गेले, म्हणजे १२ टक्के. तुलनेच्या ८०० पैकी ७२ गेले, म्हणजे ९ टक्के. नोटिशीनंतर गेलेले ८६४ खरे, पण नोटीस नसती तरी त्यांच्यातले साधारण ६४८ गेलेच असते. दरवाढीच्या खात्यावर टाकायचे ते उरलेले २१६.

पैशाच्या हिशेबात हा फरक फार मोठा होतो. दर शंभर लोकांमागे बघा. वाढीव दरावर ८८ उरले आणि ते १२० देतात, म्हणजे महिन्याला १०,५६०. ‘आधी शंभर जण होते, १०,००० येत होते’ अशी तुलना केली तर वाढ जेमतेम साडेपाच टक्के दिसते आणि कुणीतरी म्हणतं, एवढ्यासाठी लोकांना दुखावलं कशाला? पण दर न वाढवता शंभरचे शंभर राहिलेच नसते, ९१ राहिले असते आणि ९,१०० आले असते. त्याच्याशी तुलना केली की वाढ १६ टक्के निघते. निर्णय तोच, ग्राहक तेच, फक्त तुलना कशाशी केली हे बदललं.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक याच्यापुढे होते. नोटीस न मिळालेला आणखी एक गट हाताशी असतोच: जुन्या दरावर ठेवलेले २,००० जण. मग वेगळा तुलनेचा गट काढून ८०० जणांकडून मिळणारी जादा रक्कम सहा महिने का सोडायची, असा प्रश्न येतो. दिसायला दोन्ही गट सारखेच आहेत. दोघांचा दर १००, दोघांनाही दरवाढीची नोटीस नाही. पण ते मुळीच सारखे नाहीत.

जुने लोक जुने का आहेत? जे सोडून जाणारे होते ते तीन वर्षांत गेले आणि हे उरले. ज्यांनी गेल्या महिन्यात नाव नोंदवलं त्यांच्यात अजून ही चाळण लागायची आहे. त्यामुळे दरवाढीचा विषय नसतानाही या जुन्यांची गळती कमीच असते. आपल्या उदाहरणात २,००० पैकी ६० गेले, म्हणजे ३ टक्के. त्यांना तुलनेसाठी धरलं की १२ उणे ३, म्हणजे दरवाढीमुळे ९ टक्के गेले असा निष्कर्ष निघतो. ७,२०० वर ते ६४८ लोक होतात. खऱ्या आकड्याच्या तिप्पट.

त्यात भर म्हणजे जुना दर राखून देताना बहुतेक ठिकाणी एक अट असते: एकदा बंद केलं की परत येताना नवा दर. ही अट कळलेला माणूस सेवा वापरत नसला तरी ‘असू दे, परत या दराने मिळायचं नाही’ म्हणून धरून ठेवतो. म्हणजे जुना दर राखल्यामुळे या गटाची गळती तिच्या नेहमीच्या पातळीपेक्षाही खाली जाऊ शकते. ज्या गटाच्या वागण्यात आपणच बदल घडवला आहे त्याला ‘काहीच न केलेला गट’ म्हणता येत नाही. जुन्यांना जुना दर द्यावा की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याची कारणं चांगली असू शकतात. पण त्यांच्याकडून मापाचं काम करून घेऊ नये.

तुलनेचा गट यादृच्छिकच हवा, एवढ्यासाठीच. त्यात नवे-जुने, रोज वापरणारे आणि विसरून गेलेले, सगळे त्याच प्रमाणात येतात ज्या प्रमाणात ते नोटिशीच्या गटात आहेत. ‘आधी एका भागातल्या लोकांना नोटीस पाठवू, मग दुसऱ्या’ ही निवड यादृच्छिक नव्हे. आणि या ८०० जणांवर अन्याय होतो का, ही शंका मी महत्त्वाची मानतो. त्यांचा दर वाढत नाही, उशिरा वाढतो, त्यामुळे तोटा त्यांचा होत नाही. पुढे त्यांनाही तेवढ्याच मुदतीची नोटीस द्यायची आणि कुणी विचारलं तर दरवाढ टप्प्याटप्प्याने लागू होत आहे हे सरळ सांगायचं.

आठशेच्या गटातून आलेल्या ९ टक्क्यांत नशिबाचा भाग असतो हेही धरून चालायला हवं. तोच प्रयोग पुन्हा केला तर ८ किंवा १० येऊ शकतात. या आकारांवर ३ टक्क्यांचा फरक म्हणजे ढोबळमानाने १ ते ५ च्या दरम्यान कुठेतरी, एवढंच खात्रीने म्हणता येतं. आपल्या उदाहरणात हे पुरेसं आहे, कारण २० टक्के दरवाढीचा फायदा पुसून जायला फरक १५ टक्क्यांच्या आसपास जावा लागला असता. दरवाढ लहान असती, समजा ४ टक्के, तर एवढ्या गटावरून ठाम काही बोलता आलं नसतं. गट मोठा काढावा लागला असता.

मोजायचं कधी, यावरही उत्तर बदलतं. नोटीस गेली की पहिल्या आठवड्यात बंद करणाऱ्यांचा एक उंचवटा दिसतो. हे मेल वाचणारे लोक. मग शांतता. नवा दर तीस दिवसांनी लागू असल्यामुळे पहिलं वाढीव बिल कुणाला एकतिसाव्या दिवशी येतं, कुणाला साठाव्या, आणि तेव्हा दुसरा उंचवटा येतो, तो ज्यांनी मेल उघडलंच नाही त्यांचा. महिनाअखेरीला मोजणाऱ्याला हा दुसरा उंचवटा दिसतच नाही, म्हणून तो नुकसान कमी धरतो. उलट बाजूही आहे. पहिल्या उंचवट्यातले काही जण असेही दोन महिन्यांत जाणारच होते. नोटिशीने त्यांना फक्त लवकर उठवलं. ही गोष्ट ओळखता येते: तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नोटिशीच्या गटाची मासिक गळती तुलनेच्या गटापेक्षा खाली जाते आणि एकूण फरक ३ वरून हळूहळू कमी होऊ लागतो. म्हणून एका दिवसाचा आकडा न घेता दोन्ही गटांची नोटिशीच्या तारखेपासूनची एकूण गळती आठवड्यागणिक शेजारी-शेजारी मांडावी आणि सहा महिने पाहावी.

मोजताना तारीख धरायची ती बंद करण्याचं बटण दाबल्याची, सेवा प्रत्यक्ष संपल्याची नव्हे. भरलेला महिना संपेपर्यंत सेवा चालू राहते, त्यामुळे दुसऱ्या तारखेवर सगळं महिन्याभरापर्यंत पुढे सरकलेलं दिसतं. पैसे न कटल्यामुळे बंद पडलेली खाती वेगळ्या रकान्यात ठेवावीत, पण दुर्लक्षू नयेत. आपोआप पैसे कापण्याची परवानगी ग्राहकाने ठराविक कमाल रकमेपर्यंतच दिलेली असू शकते. १०० चालत होते, १२० ला नकार येतो. माणसाने जायचं ठरवलेलं नाही, तरी तो गेला तो दरवाढीमुळेच. दोन्ही गटांत अशी खाती किती हे ताडून पाहिलं की ते लगेच उघड होतं.

वर्षाचे पैसे एकदम भरणारे या हिशेबात मिसळू नयेत. त्यांना नोटीस आज मिळाली तरी निर्णय ते नूतनीकरणाच्या वेळी घेतात. ज्याचं वर्ष अजून दहा महिने बाकी आहे तो ‘टिकला’ असं आज म्हणण्यात अर्थ नाही. त्यांची मोजणी ज्या-त्या महिन्यात नूतनीकरणाला आलेल्यांपुरतीच करायची.

आणि नोटीस सरसकट जाऊन गेली असेल, तुलनेचा गट काढलाच नसेल तर? मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांची गळती घेता येते, पण त्या काळात नव्यांची भरती कमी-जास्त झाली असेल तर तिचा भरवसा उरत नाही. त्यापेक्षा चांगला मार्ग जुन्या दराच्या सीमेवर आहे. तीन वर्षं ही रेषा असेल तर ३५ महिने झालेले आणि ३७ महिने झालेले लोक स्वभावाने जवळपास सारखेच असतात. एकाला नोटीस गेली, दुसऱ्याला नाही, ते केवळ रेषा तिथे आखली म्हणून. या दोन पट्ट्यांची गळती ताडून पाहिली तर दरवाढीचा परिणाम बराचसा स्वच्छ दिसतो. जुना दर गमावण्याची अट असेल तर तिचा प्रभाव यातही येतो, आणि मिळणारं उत्तर तीन वर्षांच्या आसपासच्या ग्राहकांपुरतंच असतं. गेल्याच महिन्यात आलेल्यांनी दरवाढ कशी घेतली, ते यातून कळत नाही.